छत्तीसचे त्रेसष्ट

घोडेगावच्या एका शाळेने एका आईकडे अर्ज मागितला होता. आईने अर्ज दिला, पण मागितलेला नव्हे. या दोन अर्जांमधल्या अंतराची ही हकिगत आहे. साल दोन हजार सात किंवा आठ असावे. त्या वर्षाच्या माझ्या वह्या राहिलेल्या नाहीत, त्यामुळे साल ठामपणे सांगत नाही. बाकीचे सांगू शकतो.

तेव्हा मी पुण्याच्या एका दैनिकासाठी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या बातम्या पाठवत असे. राहायला जुन्नरला. आठवड्यातून एकदा मोटारसायकलवर घोडेगावला जायचे, तहसील, पंचायत समिती आणि पोलीस ठाणे असे करून शिनोलीपर्यंत जाऊन परत फिरायचे, हा क्रम. शिनोलीच्या बाजूला आरोग्य उपकेंद्रात एक परिचारिका होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. लसीकरणाचे आकडे घ्यायला मी तिच्याकडे जात असे. आकडे देताना ती रजिस्टर उघडून बोट ठेवून वाचत असे, तोंडी कधी सांगत नसे. दोन तालुक्यांत ज्यांचा आकडा परत तपासावा लागत नसे अशी दोन-तीन माणसे होती, त्यांत ती एक.

तिचे कुटुंब शिनोलीच्या बौद्ध वस्तीतले. नवरा चाकणला कारखान्यात, सुट्टीला घरी येणारा. घरात सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणत. ते बांधकाम खात्यात रस्त्यावर कामगार होते आणि तिथूनच निवृत्त झाले होते. आणि मुलगी, सहा वर्षांची, घोडेगावच्या शाळेत पहिलीत. रोज जीपने जाणारी.

शाळा मराठी माध्यमाची, एका जुन्या संस्थेची. पण त्या जूनपासून पहिलीच्या एका तुकडीत गणित इंग्रजीतून शिकवायला सुरुवात झाली होती. बाकी विषय मराठीतून. याला सगळे ‘सेमी’ म्हणत. सेमीची ती अ तुकडी, संपूर्ण मराठीची ब. प्रवेशाच्या वेळी अ तुकडीसाठी रांग लागली होती. रांगेत पहाटेपासून आबा उभे होते, असे सिस्टर सांगत असे.

एप्रिलच्या सुरुवातीला मी आकडे घ्यायला गेलो तेव्हा तिने रजिस्टर उघडले नाही. मुलीचे प्रगतिपुस्तक पुढे केले. गणितापुढे लाल शाईत शेरा होता: वीसच्या पुढे अंक येत नाहीत, उलटे लिहिते, फार मंद. मुख्याध्यापकांनी तिला बोलावून घेतले होते. मुलीला पुन्हा पहिलीत बसवावे, असे त्यांचे मत होते. पहिलीत कुणाला नापास करता येत नाही, म्हणून पालकांचा अर्ज लागणार होता. ‘माझ्या पाल्यास माझ्या विनंतीवरून पुन्हा इयत्ता पहिलीत बसवावे’ एवढ्या मजकुराचा. वर त्यांनी सल्ला दिला होता की पुण्याला डॉक्टरला दाखवा, असे उलटे लिहिणे मेंदूतून येते.

दुसरी गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली होती. पुढच्या जूनपासून ब तुकडी बंद होणार. मागणीच नाही. म्हणजे मुलगी पुन्हा पहिलीत बसली तरी गणित इंग्रजीतूनच होणार होते.

“मी नर्स आहे,” ती म्हणाली. “उलटं लिहिणारी मुलं मला माहितीयेत. ती क उलटा काढतात, ग उलटा काढतात. हिची अक्षरं बघा.”

अक्षरे सरळ होती. मराठीची वही स्वच्छ होती. उलटे होते ते फक्त गणिताच्या वहीत, आणि तेही सगळे नव्हे.

तिने एका जुन्या लसीकरण रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर नोंदी केल्या होत्या. तारीख, वेळ, कोणती संख्या इंग्रजीत सांगितली, मुलीने काय लिहिले. मी पान वाचले. तेरापासून एकोणीसपर्यंत सगळे बरोबर. वीस, तीस, चाळीस बरोबर. बावीस, तेहेतीस, चव्वेचाळीस बरोबर, पण त्या उलट्या लिहिल्या तरी त्याच राहतात. उरलेल्या सगळ्या उलट्या. ट्वेंटी-वनचे बारा, थर्टी-सिक्सचे त्रेसष्ट, फॉर्टी-फाइव्हचे चौपन्न. एकही चूक विस्कळीत नव्हती. जिला काही येत नाही तिच्या चुका अशा रांगेत उभ्या राहत नाहीत, एवढे मलाही कळले. पण का, ते कळले नाही.

“कागद बघून न्हाई कळायचं,” सिस्टर म्हणाली. कामावर ती नीट प्रमाण मराठी बोले. मुलीचा विषय निघाला की घरची भाषा येई. “मला पण महिना लागला. हात बघायला पायजे.”

मुलगी उपकेंद्राच्या ओट्यावर बसली होती. आईने तिच्या हातात पाटी दिली आणि मराठीत सांगितले, छत्तीस. मुलीने पाटीच्या मध्यावर सहा काढला. मग हात उचलून त्याच्या डावीकडे तीन काढला. छत्तीस झाले. मग पाटी पुसून आई म्हणाली, थर्टी-सिक्स. मुलीने मध्यावर तीन काढला. हात उचलला आणि त्याच्या डावीकडे सहा काढला. त्रेसष्ट.

मुलगी चुकत नव्हती. ती एक नियम पाळत होती, आणि इतका काटेकोर पाळत होती की तिच्यापुढे आम्ही दोघे ढिले होतो. मराठीत सहा आधी येतो, तीस मागून. छ-त्तीस. जे आधी ऐकू आले ते उजवीकडे ठेवायचे, जे मागून आले ते त्याच्या डावीकडे. मराठीत हा नियम सहसा चुकत नाही. इंग्रजीत तीस आधी येते. तिने तेही आधी आले म्हणून उजवीकडे ठेवले. आणि इंग्रजीत तेरा ते एकोणीस मात्र मराठीसारखेच, चार आधी, दहा मागून. फोर-टीन. म्हणून तिथे ती बरोबर. शेऱ्यात लिहिले होते, वीसच्या पुढे येत नाही. वीसच्या पुढे इंग्रजी भाषा बाजू बदलते, हे सहा वर्षांच्या मुलीचा हात सांगत होता आणि वर्षभर त्या हाताकडे कुणी पाहिले नव्हते.

मी शाळेत असल्यापासून छत्तीस लिहीत आलो. त्यात सहा आधी उच्चारला जातो हे मला त्या दिवशी, चाळिशीला टेकल्यावर, कळले.

“हा नियम तिला कुणी शिकवला?” मी विचारले.

“आबांनी,” ती म्हणाली. “ते त्यांना माहीत न्हाई.”

आबा घराच्या मागच्या बाजूला एक म्हैस राखून होते. कडबा विकत आला की तो रचताना नात त्यांच्याबरोबर असे. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. नात मोजे आणि आबा खडूने भिंतीवर लिहीत. ते फार शिकलेले नव्हते. बोलावे तसे लिहावे हा त्यांचा हिशेब. छत्तीस म्हणताना सहा आधी तोंडात येतो म्हणून सहा आधी काढत, मग तीन आणून त्याला डावीकडून लावत. नातीने ते उचलले होते.

सिस्टरला आता अर्ज लिहायचा होता. मुलीला पुन्हा पहिलीत बसवण्याचा नव्हे. पहिली-दुसरीत गणित मराठीतून शिकवावे, त्यासाठी ब तुकडी चालू ठेवावी आणि मुलीला त्या तुकडीत दुसरीत घ्यावे, असा. कच्चा मसुदा तिने माझ्यापुढे ठेवला. त्यात एक वाक्य होते की लहान मुलांना मातृभाषेतूनच चांगले समजते असे संशोधन सांगते. मी ते खोडले. सवयीने. कुणी केलेले संशोधन, कधी, कुठे छापले, हे नसेल तर बातमीत असे वाक्य जात नाही. तिने विचारले की मग तुम्ही ते शोधून द्याल का.

पुढच्या आठवड्यात कार्यालयाच्या कामासाठी पुण्याला जायचे होतेच. अध्यापक महाविद्यालयाच्या एका ग्रंथालयात अर्धा दिवस बसलो. दोन गोष्टी सापडल्या. एक, पन्नासच्या दशकातला एका जागतिक संघटनेच्या तज्ज्ञांचा अहवाल. मुलाला शिकवायला सर्वांत चांगले माध्यम त्याची मातृभाषा आणि ती शाळेत जमेल तितकी पुढेपर्यंत वापरावी, असा त्याचा निष्कर्ष होता. मातृभाषेविरुद्धचे आक्षेपही त्यात प्रामाणिकपणे मांडले होते. दुसरी, आपल्या देशाचा अभ्यासक्रमाचा आराखडा, नुकताच दोन-तीन वर्षांपूर्वीचा. त्याचाही कल तोच. दोन्हींतले परिच्छेद हाताने उतरवून घेतले, पान क्रमांकासह. तिथल्या ग्रंथपालबाईंनी विचारले, पीएचडी करताय का. मी म्हणालो, पहिलीचा अभ्यास आहे.

राज्यघटनेतही प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याबद्दल एक कलम आहे, ते मी मुद्दाम पाहिले. पण ते भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी आहे. महाराष्ट्रात मराठी मुलीला ते लावता येत नाही. सिस्टरला तसे सांगितले. तिने ते कलम अर्जात घातले नाही. जे लागू नाही ते रजिस्टरला चढवायचे नाही, एवढेच म्हणाली.

अर्ज तिने स्वतः लिहिला, स्वतःच्या अक्षरात, आखीव कागदावर. प्रति, मुख्याध्यापक. विषय. संदर्भ. महोदय. संदर्भाच्या ओळीत तिने ते दोन अहवाल लिहिले, पान क्रमांकासह. अर्जाला नोंदींची सात पाने जोडली. पाटीवर आकडा कोणत्या क्रमाने काढला हे दाखवायला तिने प्रत्येक अंकाच्या डोक्यावर छोटा एक आणि दोन घातला होता, ताप-नाडीच्या तक्त्यात घालतात तसा.

शाळेच्या कार्यालयात तो अर्ज दिला त्या दिवशी मी घोडेगावातच होतो, म्हणून बरोबर गेलो. लिपिकाने अर्ज वरून खाली वाचला आणि संदर्भावर थांबला. त्याच्या मते संदर्भ म्हणजे शाळेच्या आधीच्या पत्राचा जावक क्रमांक.

“सिस्टर, संदर्भ क्रमांक कुठंय? हे तर पुस्तकाचं नाव दिसतंय.”

“तोच संदर्भ आहे.”

“आवो पण शाळेनं हे पुस्तक तुमाला पाठवलेलं न्हाई.”

“न्हाई. मी शाळेला पाठवतेय.”

त्याने बराच विचार करून दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारला आणि सही केली. तिने पोच घडी घालून पर्समध्ये ठेवली.

ब तुकडी चालू ठेवायची तर मुले हवीत, असे मुख्याध्यापकांनी सांगितले. वीस पालकांच्या सह्या आणा, समितीपुढे ठेवतो. त्यांचे हे म्हणणे सरळ होते. शिक्षक मुलांच्या संख्येवर मंजूर होतात, रिकाम्या तुकडीला कुणी शिक्षक देत नाही. सिस्टर दोन आठवडे ड्यूटी संपल्यावर घरोघर गेली. तिला सगळी घरे माहीत होती, निम्म्या मुलांना तिनेच डोस पाजले होते. लोकांनी चहा दिला, सही दिली नाही. एकाने विचारले की तुम्ही इंजेक्शनावरचं इंग्रजी वाचता म्हणून नोकरी लागली ना, मग आमच्या पोरांना का अडवता. एकीने म्हटले की मॅडम लोकांची पोरं पुण्यात इंग्रजी शिकत्यात आन् आमाला मराठी पुरे व्हय. सह्या चार झाल्या. त्यांतली एक तिची.

सर्वांत कठीण सही तिच्या घरातली होती. आबांना अर्जाचे वस्तीतून कळले. मी त्या दिवशी तिथे होतो, ओसरीवर. ते मोठ्याने बोलले नाहीत.

“आमाला शाळंच्या पायरीवर बसवायचे. आतलं ऐकू येईल तेवढंच आमचं,” ते म्हणाले. “इंग्रजी कधी पायरीवर आलंच न्हाई. रस्त्यावर साहेब लोक इंग्रजीत बोलायचे तवा वाटायचं, आपल्यालाच शिव्या देत्यात. ही पोरगी आत बसली. आन् तू तिला भाईर काढायचा अर्ज लिवती.”

सून म्हणाली की बाहेर नाही काढत, आबा. ती आत आहे, पण तिला ऐकू येत नाही. पायरीवर बसल्यासारखंच.

आबा उठून म्हशीकडे गेले. मी वही बंद केली.

शालेय समितीची बैठक एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी, शाळेच्या ग्रंथालयात झाली. हजर: संस्थेचे स्थानिक अध्यक्ष (जुन्या बागायतदार घरातले, पेशाने वकील), मुख्याध्यापक, पहिली अ तुकडीच्या बाई, लिपिक, सिस्टर आणि तिची मुलगी. आबा बोलावल्याशिवाय आले आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. सुनेच्या विरुद्ध बोलायला आले होते, हे तिला माहीत होते. मला बातमीदार म्हणून बसू दिले, न छापण्याच्या अटीवर. ती अट मी इतकी वर्षे पाळली. आजही गावापलीकडे कुणाची ओळख इथे दिलेली नाही.

अध्यक्षांनी अर्ज आधी वाचला होता. त्यांचे म्हणणे त्यांनी हसत मांडले. “सिस्टर, तुमचा आणि शाळेचा छत्तीसचा आकडा झालाय म्हणायचा.”

“साहेब, माझ्या मुलीनं त्याचे त्रेसष्ट केलेत,” सिस्टर म्हणाली. “तोंडाला तोंड. म्हणून तर बोलायला आले.”

अध्यक्ष खळखळून हसले. मग वकिलासारखे बोलले. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. तुमच्याच नोंदींवरून सिद्ध होते की मराठी आकडे वाकडे आहेत. बोलतो उजवीकडून, लिहितो डावीकडून. इंग्रजी सरळ आहे. थर्टी-सिक्स, तीन-सहा. मग मुलांना सरळ रस्त्याने का नेऊ नये? आणि एकोणचाळीस तर धड तीसमध्येही नाही, चाळीसमध्येही नाही. हा शब्द मुलांना छळण्यासाठीच केला असावा.

सिस्टर म्हणाली की वाकडा असेल. पण तो रस्ता तिच्या पायाखालचा आहे. तुम्ही तिला सरळ रस्ता दाखवा, पण ती उभी आहे तिथून दाखवा. अहवालही एवढेच सांगतो. इंग्रजी नको असे कुठल्याही पानावर नाही. माझ्याही अर्जात नाही.

अध्यक्षांनी मुलीला जवळ बोलावले. फळ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले, “एकोणचाळीस लिही बरं, बाळा.”

मला वाटते त्यांना तिला अडवायचे नव्हते, स्वतःचा मुद्दा दाखवायचा होता. मुलगी फळ्यापुढे गेली आणि थांबली. खडू हातात घेऊन ती काहीच लिहीना. बाईंनी नजर खाली घातली. वर्षभर वर्गात हेच झाले असावे: एक थांबणे, आणि मग पुढच्या मुलाचे नाव.

इथे कुणी पुढच्याचे नाव घेतले नाही, कारण पुढचे कुणी नव्हते. म्हणून ती बोलेपर्यंत सगळे थांबले.

“आठ पाचुंदं व्हायला एक पेंढी कमी,” ती म्हणाली.

मग तिने नऊ काढला. हात उचलला. नवाच्या डावीकडे तीन काढला.

सहा वर्षांच्या मुलीने एकोणचाळीस हा शब्द आमच्यासमोर उघडला होता. एक उणा चाळीस. तो शब्द आम्ही सगळेच रोज वापरत होतो, वकीलसाहेब तर कोर्टात कलम म्हणूनही. त्याच्या आत काय आहे, हे बघायला आमच्यापैकी कुणी कधी थांबले नव्हते. आणि तिने तो उघडला होता कडब्याच्या पेंढ्या घेऊन. पाच-पाचच्या ढिगांतून दहा-दहाच्या ढिगांत, मनातल्या मनात, खडू हातात धरून. जिच्या पुस्तकात ‘फार मंद’ लिहिले होते ती तेवढा वेळ हे करत होती.

दाराजवळून आबा म्हणाले, “ते मी शिकवलंय.” मग त्यांचा आवाज खाली गेला. “चुकलं का माझं?”

उत्तर बाईंनी दिले. तोपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. तिशीच्या आतल्या, स्वतः मराठी माध्यमात शिकलेल्या. त्या जूनमध्ये त्यांना इंग्रजी गणिताचे पुस्तक हातात दिले गेले होते, आणि ट्रेनिंग म्हणून चार दिवस. त्या उठून आबांच्या समोर गेल्या.

“तुमचं नाही चुकलं, आबा,” त्या म्हणाल्या. “मी वह्या तपासल्या. हात नाही तपासला.”

मुख्याध्यापक म्हणाले की बाई, बसा. त्या बसल्या नाहीत. वर्गात आणखी मुले उलटे लिहितात, त्यांनी सांगितले. सगळी खेड्यावरून येणारी. त्यांना वाटत होते की घरी अभ्यास घेत नाहीत म्हणून. आता वाटते की घरी घेतात म्हणून. त्यांनी एक दिवस मागितला. उद्या वर्गात प्रत्येकाला समोर बसवून लिहायला लावते, मग निर्णय करा.

अध्यक्षांनी दिला. अर्जावर काय करायचे ते त्यांनी त्या दिवशी ठरवले नाही, आणि हे त्यांचे मोठेपण, कारण सह्या चारच होत्या आणि अर्ज तिथल्या तिथे निकालात काढता आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्नरला परतायला हवे होते. परतलो नाही. शाळेच्या व्हरांड्यात उभा राहिलो. बाई आत एकेका मुलाला टेबलाशी बोलावत होत्या. आधी मराठीत संख्या, मग इंग्रजीत. मुलाच्या हाताकडे बघत, कागदाकडे नाही. खिडकीतून मलाही हात दिसत होते. गावातल्या मुलांचे हात डावीकडून उजवीकडे जात होते. शिनोली, डिंभ्याकडची आणि नदीपलीकडची काही मुले छत्तीस ऐकून उजवीकडे सहा ठेवत आणि मग डावीकडे वळत. एका मुलाने पंचेचाळीस लिहिताना दोन्ही अंक एकदम काढायचे ठरवले आणि दोन हातांत दोन खडू मागितले. बाई हसल्या, पण त्यांनी तेही वहीत लिहिले.

मी तिथे तासभर होतो. आयुष्यात ज्या थोड्या गोष्टींपुढे बातमीदाराचे पेन थांबले त्यांत तो तास आहे. एका वर्गात चाळीस मुले बसलेली दिसतात. त्यांच्या डोक्यांत चाळीस घरे मोजत असतात, ही गोष्ट दिसत नाही. ती त्या सकाळी हातांतून दिसत होती.

निकाल एक मेला लागला. उत्तर त्याच्या आदल्या दिवशी आले, शाळेच्या छापील कागदावर. संदर्भ: आपला अर्ज. खाली जावक क्रमांक व्यवस्थित घातलेला. मजकूर तीन वाक्यांचा होता. पुरेशी पटसंख्या नसल्याने ब तुकडी चालू ठेवणे शक्य नाही. तथापि इयत्ता पहिली व दुसरीत गणिताची प्रत्येक संकल्पना प्रथम मराठीतून शिकवून दिवाळीनंतर इंग्रजी संज्ञा द्याव्यात, अशा सूचना वर्गशिक्षकांना देण्यात आल्या आहेत. आपल्या पाल्यास नियमाप्रमाणे इयत्ता दुसरीत प्रवेश देण्यात येत आहे.

सिस्टरने मागितलेल्या तीन गोष्टींपैकी एक पूर्ण नाकारली गेली, एक अर्धी मिळाली, एक मिळाली. मातृभाषा हा शब्द उत्तरात कुठेही नव्हता. अहवालांचा उल्लेखही नव्हता. तिने ते माझ्या लक्षात आणून दिले, तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून. पाने उलटून तिने उत्तर अर्जाच्या पोचेला टाचले.

आबा ओसरीवर होते. त्यांनी उत्तर वाचून दाखवायला सांगितले. सुनेने वाचले. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले. दुसऱ्यांदा ते ‘दिवाळीनंतर’ या शब्दापाशी हात वर करून थांबवत म्हणाले, “म्हंजे इंग्रजी गेलं न्हाई?”

“न्हाई, आबा. मागून येणार.”

“डावीकडून,” मुलगी आतून म्हणाली.

आबांना ते कळले नाही. किंवा कळले असेल. “येऊ द्या मग,” ते म्हणाले, आणि अर्जावर पाचवी सही करायला कागद मागितला. सिस्टरने सांगितले की आता उपयोग नाही, अर्ज निकाली निघाला. ते म्हणाले की नसू दे. तिने पोचेची प्रत पुढे केली. त्यांनी शिक्क्याखाली मोकळी जागा बघितली आणि पेन टेकवून सावकाश, आडनावाचे शेवटचे अक्षर नीट उठेपर्यंत, सही केली.